फोटोंवरून एअरपॉड्स प्रो २ अस्सल की नक्कल, हे कसे ओळखावे?

प्रश्न : नमस्कार सर. एका विक्रेत्याकडून वापरलेले एअरपॉड्स प्रो (दुसरी पिढी, टाइप-सी) ७,५०० रुपयांना मिळत आहेत. भावाने दुबईहून आणले, बिल हरवले, असे तो सांगतो. त्याने पाच फोटो पाठवले आहेत : डबीची पाठ, खालची बाजू, उघडे झाकण, एका इअरबडचा जवळून काढलेला फोटो आणि आयफोनवर पॉप-अप आल्याचा स्क्रीनशॉट. मी सोलापुरात आणि तो नाशिकला, त्यामुळे वस्तू हातात घेऊन पाहता येणार नाही. फक्त फोटोंवरून खात्री करता येईल का? पाचही फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर : नमस्कार. पाचही फोटो मूळ आकारात पाठवलेत हे फार बरे केले, कारण व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेल्या फोटोंवर मी सहसा मत देत नाही. वापरलेले फोन आणि त्यांचे सुटे साहित्य तपासून विकण्याचे काम मी बरीच वर्षे करतो. त्या अनुभवावरून आधीच एक मर्यादा सांगून ठेवतो. फोटोंवरून एखादी वस्तू नक्कल आहे हे अनेकदा निर्विवाद सिद्ध करता येते. ती अस्सल आहे हे मात्र फोटोंवरून पूर्णपणे सिद्ध होत नाही, त्यासाठी ती वस्तू स्वतःच्या आयफोनला जोडावी लागते. तुमच्या बाबतीत उत्तर पहिल्या प्रकारचे आहे. ते कसे मिळाले हे फोटो ज्या क्रमाने मी पाहिले त्याच क्रमाने सांगतो.

पहिला फोटो डबीच्या पाठीचा आहे आणि माझी नजर सर्वांत आधी बिजागरीवर जाते. अस्सल डबीची बिजागरी धातूची असते आणि तिचा पृष्ठभाग मंद, रेशमी झाक असलेला असतो. तिच्यावर कुठे स्क्रू किंवा खिळ्याचे डोके दिसत नाही आणि ती पांढऱ्या प्लास्टिकशी एका पातळीत बसलेली असते. स्वस्त नकलेत याच जागी बहुधा प्लास्टिकवर क्रोमचा मुलामा दिलेला असतो. मुलामा आणि मंद धातू यांतला फरक रंगात शोधू नये, कारण फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने बदलतो; तो प्रतिबिंबात शोधावा. खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश मंद धातूवर पडला की त्याचा पसरट, कडा विरघळलेला पट्टा दिसतो. मुलाम्यावर पडला की ट्यूबलाइटची कडा आरशात दिसावी तशी रेखीव उमटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बिजागरीवर ट्यूबलाइटची उभी रेघ इतकी स्वच्छ आहे की तिच्या टोकाचा गोलाकारही मोजता येतो. ही खूण मी नकलेच्या बाजूने धरली, पण तेवढ्यावर थांबलो नाही. कपड्याने खूप घासून चमकवलेली अस्सल बिजागरीही काही कोनांतून थोडी तेजस्वी दिसू शकते.

बिजागरीच्या दोन्ही टोकांची फट ही त्याहून भरवशाची खूण. झाकण बंद असताना बिजागरीच्या डाव्या आणि उजव्या टोकाला झाकण व डबी यांच्यामध्ये जी रेषा दिसते, ती अस्सल वस्तूत दोन्हीकडे सारख्याच जाडीची असते. नकलेत झाकणाचा साचा आणि डबीचा साचा यांची जुळणी किंचित चुकलेली असते, त्यामुळे एका टोकाला रेषा केसाएवढी, तर दुसऱ्या टोकाला नखाच्या कडेएवढी दिसते. तुमच्या फोटोत डावीकडची फट उजवीकडच्यापेक्षा स्पष्टपणे रुंद आहे. येथे कॅमेरा तिरका धरल्याचा दोष असू शकतो, म्हणून मी डबीची खालची कडा फोटोच्या चौकटीला समांतर आहे का ते पाहिले. ती समांतर आहे, त्यामुळे हा फरक कोनाचा नाही. डबी कधी जमिनीवर पडलेली असली तर अस्सल झाकणही थोडे वाकडे बसू शकते, परंतु तेव्हा त्या बाजूला खरचटल्याची किंवा ठेचल्याची खूण सापडते. तुमच्या डबीचा तो कोपरा कोरा आहे.

बिजागरीबाबत आणखी एक सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला दुसरी कोणती वस्तू पाहताना उपयोग होईल. जुन्या, वापरलेल्या नकलेत मुलामा कडेने सोलवटतो आणि खालचे पांढरे किंवा पिवळसर प्लास्टिक डोकावते. खऱ्या धातूला ओरखडे पडतात, पण त्याची साल निघत नाही. विक्रेता वस्तू दोन वर्षे वापरली असे म्हणत असेल, तर बिजागरीच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागावा.

दुसऱ्या फोटोत डबीची खालची बाजू दिसते. त्यात टाइप-सी पोर्ट आहे, पोर्टच्या बाजूला स्पीकरची छिद्रे आहेत आणि उजव्या बाजूला दोरी अडकवण्याची जागा आहे. दुसऱ्या पिढीच्या डबीत या गोष्टी असायलाच हव्यात, म्हणून या फोटोत गैर काही नाही. मात्र छिद्रे आहेत एवढ्याने आत स्पीकर आहे असे ठरत नाही. काही नकलांमध्ये ती नुसतीच कोरलेली असतात, तर काहींमध्ये आत खरोखर बारीक भोंगा बसवलेला असतो. या फोटोचा खरा उपयोग पुढच्या फोटोशी ताडून पाहण्यासाठी आहे.

तिसरा फोटो उघड्या झाकणाचा, आणि माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागला. झाकणाच्या आत अगदी बारीक अक्षरांत अनुक्रमांक, मॉडेल क्रमांक आणि नियामक खुणा छापलेल्या असतात. बहुतेक लोक येथे शुद्धलेखनाच्या चुका शोधतात. पूर्वीच्या नकलांमध्ये त्या मिळतही असत. कॅलिफोर्निया या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली r आणि n ही अक्षरे एकमेकांना इतकी चिकटलेली असत की त्यांचा m झालेला दिसे. आता मात्र छापणारे सावध झाले आहेत आणि मजकूर जसाच्या तसा उतरवतात. त्यामुळे मी स्पेलिंगपेक्षा दोन वेगळ्या गोष्टी पाहतो.

एक म्हणजे शाईची छटा. अस्सल मजकूर फिकट करड्या रंगात असतो, इतका की फ्लॅश मारून फोटो काढला तर तो जवळजवळ नाहीसा होतो. विक्रेत्याच्या फोटोत तोच मजकूर हातभर अंतरावरून, फ्लॅश असूनही, गडद काळा वाचता येत असेल तर माझे मन साशंक होते. उलटपक्षी अक्षरे अस्पष्ट आहेत म्हणून वस्तू खोटी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे; बारीक अक्षरांवर फोनचा कॅमेरा नेमका तिथेच गडबडतो आणि तीक्ष्णता वाढवण्याच्या नादात अक्षरांच्या कडेला पांढऱ्या रेघा काढून ठेवतो.

दुसरी, आणि अधिक निर्णायक, गोष्ट म्हणजे मॉडेल क्रमांक आणि डबीची घडण यांचा मेळ. पहिल्या पिढीचे एअरपॉड्स प्रो २०१९ मध्ये आले आणि त्यांच्या डबीचा क्रमांक A2190 आहे. त्या डबीला लाइटनिंग पोर्ट होते. तिला स्पीकरही नव्हता आणि दोरीची जागाही नव्हती. दुसरी पिढी २०२२ मध्ये आली, तिच्या लाइटनिंग डबीचा क्रमांक A2700. २०२३ मध्ये टाइप-सी पोर्टची डबी आली, तिचा क्रमांक A2968. हे तीन क्रमांक लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते. आता तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहा : झाकणाच्या आत A2190 असे छापले आहे. म्हणजे घडण २०२३ ची आणि क्रमांक २०१९ चा. अशी डबी कंपनीने कधी बनवलीच नाही. नक्कल करणाऱ्यांनी बाहेरचा साचा नवा केला, पण छपाईची जुनी पट्टी तशीच चालू ठेवली. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की वापरलेली जोडी समोर आली की आधी पोर्ट आणि मग क्रमांक, अशी सवयच लागून गेली आहे.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे : कोणी वेगळी डबी विकत घेऊन जुने इअरबड त्यात ठेवले असतील तर? हरवलेल्या वस्तूच्या बदली इअरबड किंवा डबी सुटी मिळते, हे खरे आहे. टाइप-सीची डबीही स्वतंत्रपणे विकली गेली आणि ती लाइटनिंगच्या दुसऱ्या पिढीतील इअरबडसोबत चालते. म्हणून इअरबडवर A2931, A2699 किंवा A2698 हे २०२२ चे क्रमांक आणि डबीवर A2968 असे आढळले, तर केवळ त्यावरून वस्तू खोटी ठरवू नये. टाइप-सी जोडीसोबत आलेल्या इअरबडचे क्रमांक A3047, A3048 आणि A3049 आहेत. पण तुमच्या फोटोत विसंगती इअरबड आणि डबी यांच्यात नाही. ती एकाच डबीच्या पोटात आहे. टाइप-सी पोर्ट आणि A2190 ही जोडी कोणत्याही अदलाबदलीने तयार होत नाही.

चौथा फोटो इअरबडच्या जाळीचा आहे आणि विक्रेत्याने तो उत्साहाने जवळून काढला आहे. बाहेरच्या बाजूला जी काळी, लांबट जाळी दिसते ती अस्सल वस्तूत अतिशय बारीक विणीची असते आणि पांढऱ्या कवचाशी एका पातळीत बसते. तिच्या कडेची रेषा सलग असते. नकलेत जाळी सहसा तीन तऱ्हांनी फसते. वीण जाड असते आणि चौकटी उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. किंवा जाळी खाचेत थोडी खोल किंवा थोडी वर बसलेली असते. किंवा कडेने गोंदाची चकाकणारी किनार दिसते. अगदी स्वस्त मालात तर जाळीच नसते, काळ्या प्लास्टिकवर नक्षी उठवलेली असते. तुमच्या फोटोत वीण बरी आहे, पण खालच्या टोकाशी गोंदाची चमक आहे आणि तेथे जाळीचा एक कोपरा किंचित वर आलेला आहे.

हा पुरावा मात्र मी दुय्यम मानतो. बारीक जाळीचा फोटो लहान करून पाठवला की तिच्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात आणि अस्सल जाळीही जाडीभरडी दिसू लागते. कानातला मळ आणि घाम बसला की तिची वीण झाकली जाते. स्वच्छ करताना कोणी टाचणी फिरवली असेल तर अस्सल जाळीचाही कोपरा उचकटतो. म्हणून दोन्ही इअरबडच्या जाळीचे फोटो एकाच प्रकाशात मागावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. अस्सल जोडीत डावा आणि उजवा एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असल्यासारखे असतात. नकलेत दोन्हींच्या जाळ्या वेगवेगळ्या खोलीवर बसलेल्या दिसणे नवल नाही. कानात जाणारे मऊ सिलिकॉनचे टोक काढून आतला भागही दाखवायला सांगावे. अस्सल टोक लंबगोल असते, त्याच्या आत स्वतःची जाळी असते आणि ते टक असा आवाज होऊन घट्ट बसते. गोल नळीवर नुसते ओढून बसवलेले टोक दिसले की पुढे बोलायचे कारण उरत नाही.

आता पाचवा फोटो, म्हणजे पॉप-अपचा स्क्रीनशॉट. विक्रेते हाच सर्वांत मोठा पुरावा म्हणून पुढे करतात आणि माझ्या मते तो पुरावाच नाही. झाकण उघडले की आयफोनच्या पडद्यावर इअरबडचे सुंदर चित्र सरकत वर येते, ते चित्र डबीतून येत नाही. डबीतली चिप ब्लूटूथवरून एक छोटासा संदेश आजूबाजूला पसरवत असते. त्यात मी अमुक मॉडेल आहे आणि माझी बॅटरी इतकी आहे एवढीच माहिती असते. तो वाचून आयफोन स्वतःजवळचे चित्र दाखवतो. हा संदेश कोणतीही स्वस्त चिप पाठवू शकते, म्हणून नकलेच्या पॉप-अपमधले चित्र अस्सलपेक्षा वेगळे दिसतच नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एकदा पॉप-अप पाहून एक जोडी घेतली होती आणि ग्राहकाने चार दिवसांत परत आणून दिली. तेव्हापासून ती हालती चित्रे मी पाहतही नाही.

iOS 16 पासून परिस्थिती थोडी बदलली आहे. आता आयफोन जोडणीच्या वेळी इअरबड खरे आहेत का याची पडताळणी करतो, आणि ते पटले नाही तर हे हेडफोन अस्सल एअरपॉड्स म्हणून पडताळता आले नाहीत, अशा अर्थाची सूचना देतो. म्हणून विक्रेत्याचा स्क्रीनशॉट कोणत्या iOS वर घेतला आहे ते विचारावे. जुन्या iOS वरचा, किंवा सूचना टाळून नेमक्या क्षणी टिपलेला स्क्रीनशॉट काहीच सांगत नाही. स्क्रीनशॉटऐवजी सलग व्हिडिओ मागावा : आधी Settings मध्ये General, About उघडून iOS ची आवृत्ती, नंतर त्याच पडद्यावरून Bluetooth मध्ये जाऊन इअरबड विसरायला लावणे, मग झाकण उघडून नव्याने जोडणे, आणि शेवटी इअरबडच्या नावाशेजारच्या i वर दाबून तळाची माहिती. तेथे Model Number आणि Serial Number दिसतात. Serial Number या ओळीवर बोट टेकवले की डाव्या आणि उजव्या इअरबडचे वेगळे क्रमांकही दिसतात. नकलेत बहुधा एकच उसना क्रमांक असतो आणि बोट टेकवून काही बदलत नाही.

उसना क्रमांक म्हणालो त्याचा खुलासा करायला हवा. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासला आणि तो खरा निघाला, हा विक्रेत्याचा दुसरा आवडता दावा. कोणा एकाच्या अस्सल डबीवरचा क्रमांक उतरवून तो हजारो नकलांवर छापला तर संकेतस्थळ प्रत्येक वेळी होकारच देणार, कारण त्याच्या लेखी तो क्रमांक अस्तित्वात आहेच. या तपासणीचा उपयोग उलट दिशेने होतो. क्रमांक सापडलाच नाही, किंवा सापडलेले मॉडेल समोरच्या वस्तूशी जुळत नाही, तर निकाल लागला. तुमच्या विक्रेत्याने अनुक्रमांकाची दोन अक्षरे बोटाने झाकली आहेत. ते मी त्याच्या विरोधात धरत नाही. सावध मालकही असे करतो. फक्त व्यवहार ठरण्याआधी ते उघड करायला त्याची तयारी हवी.

जाहिरातीची भाषाही पुरावा असते. तुमच्या विक्रेत्याने लिहिलेले वाक्य तुम्ही उतरवून दिले आहे : पॉप-अप शंभर टक्के, नॉइज कॅन्सलेशन चालू, जीपीएस चालू, सीरियल व्हॅलिड, अँड्रॉइडवरही पॉप-अप. ज्याने वस्तू स्वतः दोन वर्षे वापरली तो असे लिहीत नाही. तो उजवा बड लवकर उतरतो, डबीला एक चरा आहे, मधल्या आकाराचे टोक हरवले, अशा गोष्टी सांगतो. पॉप-अप येतो हे मुद्दाम सांगावे लागते ते जिथे तो येणे ही विशेष बाब असते तिथेच, म्हणजे मास्टर कॉपी किंवा फर्स्ट कॉपीच्या बाजारात. अँड्रॉइडवर पॉप-अप हा तर सरळच सापळा आहे. अस्सल एअरपॉड्स अँड्रॉइडला साध्या ब्लूटूथ हेडफोनसारखे जोडले जातात. त्यावर तसे चित्र आणायचे तर त्या फोनमध्ये दुसऱ्या कोणाचे तरी ॲप घालावे लागते.

दुबईच्या गोष्टीबद्दल थोडे. भारतात अधिकृतपणे आयात झालेल्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव, महिना आणि वर्ष असलेली चिकटपट्टी असते. दुबईहून आणलेल्या खोक्यावर ती नसणारच, म्हणून तिच्या अभावाला मी दोष देणार नाही. पण विक्रेता दुबई म्हणत असेल आणि खोक्याच्या फोटोत रुपयांतली किंमत छापलेली दिसली, तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे. किंमतही तपासून पाहा : टाइप-सीची ही जोडी भारतात २४,९०० रुपयांना आली होती. वापरलेली वस्तू स्वस्त मिळतेच, त्यामुळे ७,५०० रुपये हा स्वतंत्र पुरावा नाही. बॅटरी थकलेल्या अस्सल जोडीलाही असा भाव येऊ शकतो.

तुमच्या पुढच्या शोधासाठी आणखी एक फोटो सुचवतो, जो क्वचितच कोणी मागतो : सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलेल्या डबीचा. अस्सल दुसऱ्या पिढीच्या रिकाम्या डबीचे वजन ५०.८ ग्रॅम आणि प्रत्येक इअरबडचे ५.३ ग्रॅम, म्हणजे भरलेली डबी ६१ ग्रॅमच्या आसपास. चाळिशीत आकडा आला तर आत बॅटरी छोटी आहे. आकडा जुळला तरी निर्धास्त होऊ नये, कारण वजन भरण्यासाठी आत लोखंडाची पट्टी चिकटवलेल्या नकला मी उघडून पाहिल्या आहेत.

तुमच्या पाच फोटोंचा निकाल सांगायचा तर बिजागरीचे प्रतिबिंब, फटीची असमान जाडी आणि जाळीचा गोंद या तिन्ही खुणा एका दिशेला बोट दाखवतात, पण त्या नसत्या तरी टाइप-सी पोर्टच्या डबीत छापलेला A2190 एकटा पुरेसा आहे. ही वस्तू नक्कल आहे. आगाऊ रक्कम पाठवू नये. विक्रेत्याला हा क्रमांक दाखवून विचारलेत तर तो बहुधा दुसऱ्या डबीचा फोटो पाठवेल आणि चुकून जुना गेला असे म्हणेल. तसे झाल्यास नव्या फोटोत डबीच्या पाठीवरचे बारीक डाग आणि ओरखडे आधीच्या फोटोशी जुळतात का, ते आधी पाहावे.